पुन्हा पाठवू की थांबू?

समजा, एका मासिकाची वार्षिक वर्गणी ६०० रुपये आहे. वाचकांनी बँकेला आधीच परवानगी देऊन ठेवलेली असल्यामुळे संकेतस्थळावर ‘नूतनीकरण करा’ हे एकच बटण आहे. ते दाबलं की मासिकाचा प्रोग्रॅम पेमेंट गेटवेला कळवतो, की या वाचकाचे ६०० रुपये घ्या. एका सकाळी एका वाचकाच्या खात्यातून हे ६०० रुपये चार वेळा जातात. तक्रारीचा फोन येतो. कार्यालयातली मंडळी म्हणतात, त्यांनीच बटण चारदा दाबलं असेल. मग कुणीतरी नोंदी उघडतं. गेटवेकडे चार मागण्या पोहोचल्याच्या वेळा अशा दिसतात: १०:१५:००, १०:१६:००, १०:१७:०२ आणि १०:१८:०६.

या वेळांमधली अंतरं काढली की वाचक निर्दोष सुटतो. पहिलं अंतर ६० सेकंदांचं, दुसरं ६२, तिसरं ६४. वैतागलेला माणूस बटण दाबतो तेव्हा दोन सेकंदांत तीनदा दाबतो किंवा चहा पिऊन येऊन एकदा दाबतो, इतका हिशेबी तो कधीच नसतो. ही मोजूनमापून वाढत जाणारी अंतरं प्रोग्रॅमची आहेत. वाचकाने बटण एकदाच दाबलं होतं, बाकीच्या तीन मागण्या मासिकाच्या प्रोग्रॅममधल्या एका लायब्ररीने आपणहून पाठवल्या. कुणाला न विचारता, आणि मदत करण्याच्या हेतूने.

ही घटना काल्पनिक आहे, पण तिच्यातला प्रत्येक सांधा खरा आहे, आणि असे घोळ खरोखर होतात.

लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमरने तयार आणून वापरलेला कोड. इंटरनेटवरून दुसऱ्या संगणकाशी बोलायचं असेल तर ते काम कुणी मुळापासून लिहीत बसत नाही. पायथन या भाषेत त्यासाठी `urllib3` नावाची लायब्ररी आहे आणि तिच्यावर उभी असलेली `requests` ही त्याहून लोकप्रिय. जाळं कधी ना कधी अडखळतंच, म्हणून अशा लायब्ररीत ‘रिट्राय’ची सोय असते: मागणी फसली तर थोडं थांबून तीच मागणी पुन्हा पाठवायची. बहुतेक वेळा हे वरदान ठरतं. तुम्ही बातम्यांचं पान उघडता, पहिल्यांदा काहीतरी बिनसतं, लायब्ररी गुपचूप दुसऱ्यांदा मागते आणि तुम्हाला पान दिसतं. बिनसलं होतं हे तुम्हाला कळतही नाही.

अडचण अशी की पुन्हा मागण्याचा निर्णय लायब्ररीला आंधळेपणाने घ्यावा लागतो. ती ६०० रुपये मागते आहे की बातमी, हे तिला ठाऊक नसतं. तिच्या हाती दोनच खुणा असतात. एक म्हणजे मागणीचा प्रकार, ज्याला मेथड म्हणतात: वाचायचं असेल तर `GET`, नवं काही घडवायचं असेल तर बहुधा `POST`, एखादी गोष्ट अमुक स्थितीत ठेवायची असेल तर `PUT`, काढून टाकायची असेल तर `DELETE`. दुसरी खूण म्हणजे समोरून आलेल्या उत्तराचा तीन आकडी कोड. 200 म्हणजे झालं. 4 ने सुरू होणारा कोड म्हणजे मागणाऱ्याचं चुकलं, 5 ने सुरू होणारा म्हणजे देणाऱ्याचं. या दोन खुणांवरून लायब्ररीने ओळखायचं, की पुन्हा पाठवलं तर नुकसान होईल का.

मेथडपासून सुरुवात करू. दूधवाल्याला आपण निरोप ठेवतो: ‘उद्या दोन लिटर दे.’ त्याला तो मिळाला की नाही याची खात्री नसेल तर हाच निरोप पुन्हा पाठवायला हरकत नाही. तीनदा मिळाला तरी दारात दोनच लिटर दूध येईल. पण निरोप ‘उद्या एक लिटर जादा दे’ असा असेल आणि तो तीनदा पोहोचला, तर दूध ओतायला पातेली शोधावी लागतील. पहिल्या जातीच्या मागणीला संगणकाच्या जगात आयडेम्पोटंट म्हणतात: एकदा केली काय आणि पाचदा केली काय, शेवटची स्थिती एकच. एचटीटीपी या नियमावलीची सध्याची आवृत्ती जून २०२२ मध्ये आरएफसी ९११० या नावाने आली. तिच्यात `GET`, `HEAD`, `OPTIONS`, `TRACE`, `PUT` आणि `DELETE` या जातीत बसवले आहेत. `POST` आणि `PATCH` त्याबाहेर. आणि पुढे स्पष्ट सांगितलंय, की बाहेरच्या मेथडची मागणी क्लायंटने आपणहून पुन्हा पाठवू नये. अपवाद दोनच: पुन्हा केल्याने काही बिघडत नाही हे त्याला दुसऱ्या मार्गाने ठाऊक असेल, किंवा पहिली मागणी अंमलात आलीच नव्हती हे तो ओळखू शकत असेल.

मूळ `urllib3` हे सगळं पाळते. कुणी काही बदललं नाही, तर उत्तर येण्याआधी संपर्क तुटल्यास ती वर सांगितलेल्या सहाच मेथड पुन्हा पाठवते. `requests` तर त्याहून भित्री आहे, आपणहून ती काहीच पुन्हा पाठवत नाही. मग मासिकाच्या प्रोग्रॅममध्ये `POST` चार वेळा कशी गेली? कारण कुणीतरी हे लिहून ठेवलं होतं:

```python
retry = Retry(
    total=3,
    backoff_factor=1,
    status_forcelist=[500, 502, 503, 504],
    allowed_methods=None,
)
```

`total=3` म्हणजे पहिल्या मागणीनंतर आणखी तीन प्रयत्न. चार वजावटींचा हिशेब इथेच लागला. `backoff_factor=1` म्हणजे दोन प्रयत्नांमध्ये किती थांबायचं. पुष्कळांना वाटतं, की यामुळे लायब्ररी आधी १ सेकंद थांबेल, मग २, मग ४. प्रत्यक्षात `urllib3` पहिला पुनर्प्रयत्न अजिबात न थांबता करते, त्यानंतर २ सेकंद आणि मग ४ सेकंद थांबते. गेटवेच्या दारातला सर्व्हर दर वेळी ६० सेकंद वाट पाहून नकार देत होता. त्यात हे ०, २ आणि ४ मिळवले की नोंदींमधली ६०, ६२ आणि ६४ ही अंतरं येतात. अशी तक्रार तुमच्यासमोर आली तर आधी अंतरं काढा. ती एखाद्या ठरावीक मुदतीत चढत्या आकड्यांची भर पडल्यासारखी दिसली, तर दोषी माणूस नाही, सेटिंग आहे.

खरा घात शेवटच्या ओळीने केला. `allowed_methods=None` वाचताना वाटतं, की कोणत्याच मेथडला परवानगी नाही. अर्थ नेमका उलटा आहे: मेथड पाहूच नको, सगळ्या पुन्हा पाठव. कुंपण घालायच्या जागी फाटकच काढून ठेवलंय, आणि नाव मात्र ‘परवानगी’चं. अशा रचनेला मी वापरणाऱ्याची चूक म्हणायला तयार नाही. इतकं धोक्याचं बटण याहून भीतिदायक दिसायला हवं होतं.

पण ही ओळ लोक लिहितात तरी का? आळसापोटी नव्हे. त्यामागे बहुधा एक चिवट त्रास असतो. दर वेळी नवी जोडणी करायला वेळ लागतो, म्हणून एकदा जोडलेली तार क्लायंट आणि सर्व्हर काही काळ तशीच ठेवतात. ती बराच वेळ रिकामी राहिली की सर्व्हर ती बंद करतो. नेमक्या त्याच क्षणी क्लायंटने तिच्यावरून मागणी पाठवली, तर ‘समोरच्याने उत्तर न देता जोडणी तोडली’ अशा अर्थाची त्रुटी येते. दिवसभर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम अधूनमधून, कसलाही नेम नसताना, असा पडतो. `GET` असेल तर लायब्ररी सावरून घेते, `POST` असेल तर नाही. मग प्रोग्रॅमर शोधाशोध करतो, त्याला ही ओळ सापडते, तो ती टाकतो आणि त्रास थांबतो. पुढे काही महिन्यांनी कुणाचे तरी ६०० रुपये चारदा जातात, तेव्हा त्या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. जोडणी दोन ठिकाणी फसू शकते. एक, ती मुळात लागलीच नाही: पत्ता सापडला नाही किंवा समोरच्याने दारातूनच नाही म्हटलं. तेव्हा मागणीचं एक अक्षरही पलीकडे गेलेलं नसतं. अशा वेळी `POST` सुद्धा बिनधास्त पुन्हा पाठवावी, आणि `urllib3` कुणी न सांगताही पाठवते. दोन, जोडणी लागली, मागणी गेली आणि नंतर शांतता. ही शांतता फसवी असते. मागणी वाटेत हरवली, ती पोहोचली पण काम झालं नाही, की काम झालं आणि उत्तर हरवलं, हे अलीकडच्या काठावरून ओळखण्याचा कोणताही मार्ग नाही. लायब्ररी कितीही हुशार लिहिली तरी हा अंधार जात नाही. तुटलेल्या जुन्या तारेचा त्रास या दुसऱ्या प्रकारात मोडतो. बहुतेकदा सर्व्हरने मागणी वाचलेलीही नसते. पण ‘बहुतेकदा’च्या भरवशावर पैसे हलवायचे नसतात.

आता उत्तराच्या कोडकडे वळू. सोपे आधी उरकून घेऊ. 400, 403, 404, 422 हे पुन्हा विचारून बदलत नाहीत. चुकीचा अर्ज तसाच दुसऱ्यांदा दिला म्हणून तो बरोबर होत नाही. 401 म्हणजे ओळखपत्राची मुदत संपली असावी. नवं ओळखपत्र घेऊन एकदा जायला हरकत नाही, जुन्याच घेऊन पाचदा जाण्यात अर्थ नाही. 501 म्हणजे हे काम सर्व्हरला येतच नाही.

429 म्हणजे तुम्ही फार वेळा येताय, जरा दम खा. हा कोड २०१२ साली नियमावलीत आला. 503 म्हणजे आत्ता सेवा देता येत नाही. या दोन्हींत सर्व्हर सहसा काम हाती घेण्याआधीच नकार देतो, म्हणून पुन्हा जाण्यासाठी ते बरेच भरवशाचे. सोबत `Retry-After` नावाची ओळ असेल तर ती पाळावी. तिच्यात किती सेकंदांनी यायचं किंवा नेमक्या कोणत्या वेळी यायचं ते लिहिलेलं असतं. `urllib3` ही ओळ दिसली तर 429, 503 आणि 413 या तीन कोडांवर आपणहून थांबून पुन्हा प्रयत्न करते, अर्थात मेथड यादीतली असेल तरच. यात 413 पाहून भुवया उंचावतात, कारण त्याचा अर्थ ‘मागणी फार मोठी आहे’ असा. पण ही अडचण तात्पुरती असेल तर सर्व्हरने `Retry-After` द्यावं, असं नियमावलीच म्हणते. त्यामुळे तो यादीत आहे.

आता उरलेले तिघे. 500, 502 आणि 504 यांना लोक 503 च्या पंक्तीला बसवतात, आणि चूक तिथेच होते. 503 दारावर मिळतो. 504 मात्र आत गेलेल्या माणसाची वाट पाहून कंटाळलेला द्वारपाल देतो. मोठ्या सेवांमध्ये तुमच्याशी बोलणारा सर्व्हर आणि काम करणारा सर्व्हर वेगळे असतात. दारावर पुष्कळदा एनजिनएक्स नावाचा प्रोग्रॅम असतो, आणि कुणी बदललं नसेल तर तो मागच्या सर्व्हरकडून काही ऐकू येण्याची ६० सेकंद वाट पाहतो. मग तुम्हाला 504 देतो. मागचा सर्व्हर मात्र त्याचं काम करतच राहतो, कारण पुढे कुणी कंटाळलंय हे बहुतेक प्रोग्रॅमना कळतही नाही. आपल्या गोष्टीत बँकेकडून उत्तर यायला ६३ सेकंद लागत होते. द्वारपालाने साठाव्या सेकंदाला नकार कळवला, लायब्ररीने लगेच दुसरी मागणी धाडली आणि तीन सेकंदांनी पहिले ६०० रुपये गेले. पुढच्या तिन्ही वेळा हेच घडलं. चार यशस्वी वजावटी, आणि मासिकाच्या प्रोग्रॅमच्या नोंदीत चार अपयशं. वाचकाला संकेतस्थळावर ‘पेमेंट झालं नाही’ असं दिसलं असणार, हे वेगळं सांगायला नको.

502 चंही तसंच. मागच्या सर्व्हरने द्वारपालाला अर्धवट किंवा न समजणारं उत्तर दिलं. ते काम सुरू करण्याआधी कोसळल्यामुळे, की संपवून उत्तर देताना कोसळल्यामुळे, ते कळत नाही. 500 म्हणजे काम करणारा कोड मध्येच फसला. पैसे वजा झाल्यानंतर पावतीचा ईमेल पाठवताना फसला असला तरी 500 च येतो. शिवाय 500 चं कारण पुष्कळदा कोडमधली चूक असते आणि ती दर वेळी तशीच घडते, म्हणजे पुन्हा पाठवून हाती काही लागत नाही.

एनजिनएक्सच्या कर्त्यांनाही हा धडा घ्यावा लागला. मागे अनेक सर्व्हर असतील आणि एक अडखळला, तर एनजिनएक्स तीच मागणी दुसऱ्याकडे देतो. २०१६ च्या १.९.१३ या आवृत्तीपासून, एकदा मागच्या सर्व्हरकडे पोहोचलेली `POST` तो असा परस्पर दुसरीकडे देत नाही. हवंच असेल तर `non_idempotent` हा शब्द मुद्दाम लिहावा लागतो. धोक्याच्या बटणाला भीतिदायक नाव द्यावं ते असं.

मेथडच्या यादीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. `GET` निरुपद्रवी असावी हा नियम आहे, पण तो पाळायचा सर्व्हर लिहिणाऱ्याने. २००५ साली गूगलने वेब अ‍ॅक्सिलरेटर नावाचं साधन काढलं होतं. पान लवकर उघडावं म्हणून ते पानावरचे दुवे आधीच आणून ठेवायचं. काही संकेतस्थळांवर ‘काढून टाका’ हा साधा दुवा होता, म्हणजे `GET`. साधनाने तोही आणला आणि लोकांचा मजकूर नाहीसा झाला. दोष लावायचा तर दुव्याने मजकूर पुसणाऱ्यांना लावावा लागेल, पण ज्याचा मजकूर गेला त्याला त्याचं काय!

`PUT` आणि `DELETE` थोडे अधिक पेचाचे. `DELETE` पहिल्याच वेळी यशस्वी झाली पण उत्तर हरवलं, तर दुसऱ्या वेळी 404 येतो: अशी गोष्टच नाही. काम झालंय, पण वरचा प्रोग्रॅम त्याला अपयश समजतो. म्हणून पुनर्प्रयत्नानंतर आलेला 404 हा `DELETE` पुरता ‘झालं’ असा वाचावा लागतो. `PUT` मध्ये वेळेचा प्रश्न येतो. मी वाचकाचा पत्ता बदलून ‘सातारा’ केला आणि उत्तर हरवलं. तेवढ्यात वाचकाने स्वतः तो ‘सांगली’ केला. नंतर माझ्या लायब्ररीचा पुनर्प्रयत्न पोहोचला आणि पत्ता पुन्हा सातारा झाला. मागणी आयडेम्पोटंटच होती, मधल्या माणसाचं मात्र कुणी ऐकलं नाही. यावर उपाय म्हणजे `If-Match`: मी पाहिलेली आवृत्ती अजून तीच असेल तरच बदल कर, असं सर्व्हरला सांगता येतं. आवृत्ती बदलली असेल तर तो 412 देऊन नाकारतो. पण त्यातही गंमत आहे. माझाच पहिला प्रयत्न यशस्वी झाला असेल तर आवृत्ती मीच बदललेली असते आणि माझाच पुनर्प्रयत्न 412 खाऊन परत येतो. तेव्हा ताजी स्थिती वाचून, तिथे आपल्याला हवं तेच आहे का हे पाहणं एवढंच उरतं.

मग पैशांची `POST` कधीच पुन्हा पाठवायची नाही का? पाठवता येते, पण त्यासाठी पलीकडच्याची साथ लागते. अंधार अलीकडून जात नसेल तर पलीकडून घालवायचा. क्लायंट प्रत्येक मागणीला एक अनोखी खूण जोडतो आणि सर्व्हर ती लक्षात ठेवतो. तीच खूण पुन्हा आली तर काम न करता पहिल्या वेळचंच उत्तर परत देतो. स्ट्राइप या पेमेंट कंपनीने ही पद्धत बरीच रूढ केली. मागणीसोबत अशी ओळ जाते:

```
Idempotency-Key: 7d1f0c52-9b1e-4c55-a0d4-2f6f3e8b9a10
```

स्ट्राइप ही खूण किमान २४ तास जपून ठेवते. पहिल्या प्रयत्नाचं काम सुरू झाल्यावर जे उत्तर निघेल ते ती साठवते, 500 असलं तरी. त्यामुळे त्याच खुणेने पुन्हा गेलं तर तोच 500 परत मिळतो. याच कारणाने स्ट्राइपच्या रुबी लायब्ररीत `POST` वर 500 आला तर पुनर्प्रयत्न केला जात नाही, कारण त्यातून नवं काही निष्पन्न होणार नसतं. कोणते कोड पुन्हा पाठवायचे ही यादी एकट्या क्लायंटने ठरवायची नसते, ती समोरच्या सर्व्हरच्या वागण्यावर बेतावी लागते, याचं हे नेमकं उदाहरण.

खूण केव्हा तयार करायची, इथे पुष्कळ जण घसरतात. ती पुनर्प्रयत्नाच्या फेरीच्या आत तयार केली तर दर प्रयत्नाला नवी खूण मिळते, आणि सर्व्हरला चार निरनिराळ्या मागण्या दिसतात. सगळी सोय असून वजावट चारदाच. खूण वाचकाने बटण दाबलं त्या क्षणी, एकदाच तयार व्हावी, पाठवण्याआधी आपल्या डेटाबेसमध्ये लिहिली जावी आणि सगळ्या प्रयत्नांना तीच लागावी. वर्गणीदाराचा क्रमांक आणि वर्ष जोडून खूण बनवली तर काय, असं मनात येईल. दुहेरी वजावट त्याने टळेल. पण खात्यात पैसे नसल्याने पहिला प्रयत्न नाकारला गेला आणि वाचकाने तासाभराने पैसे भरून पुन्हा बटण दाबलं, तर जुनाच नकार परत येऊ शकतो. म्हणून खूण एका बटण-दाबणीची असावी, वर्षाची नव्हे. आणि खूण ओळखणारा सर्व्हर नसेल तर? मग 504 नंतर पुन्हा पैसे मागायचे नाहीत. आधी `GET` ने त्या व्यवहाराची स्थिती विचारायची. यूपीआयमध्ये पैसे ‘प्रलंबित’ दिसले, की आपण दुकानदारासमोर पुन्हा कोड स्कॅन करण्याआधी जे करायला हवं, तेच.

पुनर्प्रयत्नांचा आणखी एक त्रास आहे. मागणी निरुपद्रवी असली तरी तो होतो. ब्राउझरमधला कोड तीनदा पुन्हा प्रयत्न करतो, त्याच्या मागचा सर्व्हर तीनदा आणि त्याच्या मागचा आणखी तीनदा. प्रत्येक थरावर चार प्रयत्न धरले तर चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे एका बटणाच्या दाबण्याने डेटाबेसवर ६४ मागण्या आदळू शकतात, आणि त्याही नेमक्या तो थकलेला असताना. हा हिशेब गूगलच्या २०१६ मधल्या सर्व्हर-देखभालीच्या पुस्तकात मांडलेला आहे. त्यांनी सांगितलेला एक उपाय साधा आहे: एका क्लायंटच्या एकूण मागण्यांमध्ये पुनर्प्रयत्नांचा वाटा १० टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही. जाऊ लागला तर समजायचं, की पलीकडे खरोखर काहीतरी मोडलंय, आणि गप्प बसायचं. त्याच्या जोडीला, सगळ्या क्लायंटनी एकाच क्षणी पुन्हा हल्ला करू नये म्हणून थांबण्याच्या वेळेत थोडी यदृच्छा मिसळायची. `urllib3` मध्ये त्यासाठी दुसऱ्या आवृत्तीपासून `backoff_jitter` आहे. शक्य असेल तर पुनर्प्रयत्न एकाच थराने करावेत, बाकीच्यांनी अपयश सरळ वर कळवावं.

मला विचाराल तर लायब्ररीचं सुरुवातीचं सेटिंग असं असावं. जोडणीच लागली नाही तर कोणतीही मेथड पुन्हा पाठवावी. `GET` आणि `HEAD` असेल तर 429, 502, 503 आणि 504 वर दोन-तीनदा, थांबून थांबून. `PUT` आणि `DELETE` चं तसंच, पण वरच्या प्रोग्रॅमला हा पुनर्प्रयत्न होता हे कळवून, म्हणजे 404 आणि 412 चा अर्थ त्याला लावता येईल. खूण नसलेली `POST` उत्तराच्या कोणत्याच कोडवर नाही. 429 आणि 503 वर चालेल असं म्हणणारे आहेत, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतील, पण तसा शब्द त्या सेवेच्या कागदपत्रांत लेखी मिळाल्याशिवाय मी ते करणार नाही. 500 कोणासाठीच यादीत नसावा. ज्याला हवा त्याने तो स्वतः, समजून-उमजून घालावा.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्या वाचकांना एक विनंती. आपल्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ही आज्ञा एकदा चालवून पाहा:

```
grep -rnE "allowed_methods *= *(None|False)|method_whitelist" .
```

`method_whitelist` हे त्याच सेटिंगचं २०२० पर्यंतचं नाव आहे, आणि जुन्या कोडमध्ये ते अजून भेटतं. जे सापडेल त्या प्रत्येक ठिकाणी, या वाटेने एखादी `POST` जाते का आणि तिच्यासोबत खूण जाते का, एवढं तपासा. `POST` जात असेल आणि खूण नसेल, तर ती ओळ आजच काढा. अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीचा त्रास परत सुरू होईल, तो सोसा. त्याचं मूळ शोधायला वेळ काढता येतो, वाचकाच्या खात्यातून गेलेले पैसे परत करायला जास्त वेळ लागतो.